उपाशी साखर नॉर्मल, तरी प्रीडायबेटिस?

प्रश्न: उपाशीपोटी साखर ९६, मग एचबीए१सी ५.९ कसं? मी तर बारीक आहे.

उत्तर: आमच्या सांगलीच्या भाच्याचं असंच झालं. सॉफ्टवेअरवाला, वय २७, हातपाय काड्या. कंपनीच्या तपासणीत ५.९ आल्यावर म्हणाला, "मामा, रिपोर्ट बदललाय कुणाचा तरी!"

विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी आधी पोटाला टेप लावली. घेर ९४ सेंटिमीटर. आपल्याकडे पुरुषांना ९० च्या आत हवा. उपाशी साखर त्या एका सकाळची असते, एचबीए१सीत मात्र मागच्या दोन-तीन महिन्यांची, जेवणानंतर चढलेलीही धरली जाते. लोह कमी असलं तरी हा आकडा उगाच वाढतो, म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन पाहिलं, ठीक होतं. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं. १४० च्या आत हवं, आलं १५८.

रात्री अकराचं जेवण आता आठला आलंय. भडंग मात्र सुटत नाही.