पत्र कोणत्या दिवशी लिहायचे?

“मॅडम, नीट परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. घरी सगळे येते, सराव परीक्षेत मात्र आठवत नाही. स्वतःला पत्र लिहायला सांगतात, पण त्यात लिहायचे काय?”

ऐरोलीहून ठाण्याला क्लाससाठी येणारी एक मुलगी असे पत्र लिहूनच माझ्याकडे आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सराव परीक्षेत गुण घसरले त्याच रात्री लिहिलेल्या त्या पत्रात, आईने फीसाठी बांगड्या गहाण ठेवल्याची आठवण आणि “आता तरी सुधार” एवढेच होते. ते वाचले की तिच्या पोटात गोळा येई. मला ते पत्र नव्हे, वसुलीची नोटीस वाटली.

दुसरे पत्र मी तिला पेपर बरा गेलेल्या दिवशी, उत्तरतालिका समोर ठेवून लिहायला सांगितले, कारण भीतीच्या भरात आपल्याला स्वतःच्या चुकाच तेवढ्या आठवतात. या वेळी नीट देण्याचे कारण म्हणून तिने लिहिले, “आजीच्या डायलिसिसच्या वेळी यंत्रावरचे आकडे कशाचे, हे मला समजून घ्यायचे होते.” हे कारण कोणाचे ऋण फेडण्यासाठीचे नव्हते, तिचे स्वतःचे होते.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल तिने लिहिले, “नेफ्रॉनची आकृती तू चारदा वाचलीस तेव्हा विसरलीस, पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काढलीस आणि मग ताडून पाहिलीस, तेव्हा राहिली.” घरी सगळे येते असे वाटण्याचे मूळ बहुधा इथेच असते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हापुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना ओळखीचे वाटणे आणि पुस्तकाविना आठवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८० मिनिटांत १८० प्रश्न असताना ती फिजिक्सच्या एकाच प्रश्नावर सात-आठ मिनिटे अडून बसे आणि मग पुढचे सोपेही चुके. म्हणून तिसरे वाक्य होते, “दोनदा वाचून वाट दिसली नाही तर प्रश्नाच्या क्रमांकाभोवती गोल कर, पुढे जा, मागच्या वेळी असे अकरा सोडलेस, त्यातले सहा दुसऱ्या फेरीत सुटले.” “घाबरू नकोस” यापेक्षा हा आकडा उपयोगी पडतो, कारण तो तिच्याच पेपरातला आहे.

परीक्षागृहात कागद नेता येत नाही, म्हणून पत्र डोक्यात राहील इतकेच असावे. न झालेला अभ्यास ते भरून काढत नाही. आणि कित्येक रात्री झोपच लागत नसेल, तर पत्रापाशी न थांबता डॉक्टरांना भेटावे.

परीक्षेच्या दिवशी तिने घडी केलेले पत्र फाटकाशी वडिलांच्या हातात दिले. संध्याकाळी मला फोनवर ती सर्वांत आधी म्हणाली, “मॅडम, नऊ गोल केले, चारांकडे परत गेले.”