शेअर प्रीमियमच्या नोंदी: आधी एवढं पक्कं करा

एकच उदाहरण घ्या. १० रुपयांचे १०,००० शेअर, प्रीमियम २ रुपये. अर्जासोबत ३, वाटपावर प्रीमियमसह ५, शेवटच्या कॉलवर ४. अर्ज आले १२,००० शेअरचे.

बँकेत आलेले सगळे ३६,००० शेअर अर्ज खात्याला जमा करा. इथे बरेचजण ३०,०००च लिहितात, मग परतावा कुठून दाखवायचा तेच कळत नाही. वाटप झालं की अर्ज खातं ३६,००० नावे. भांडवल ३०,००० आणि बँक (परतावा) ६,००० जमा.

वाटपाचे ५०,००० देय होताना फोड करा: भांडवल ३०,०००, प्रीमियम २०,०००. प्रीमियम भांडवलात ढकलू नका.

आता समजा २०० शेअरवाल्याने कॉल भरला नाही. तरी कॉल खातं पूर्ण ४०,००० नावे, भांडवल ४०,००० जमा. मागणी सगळ्यांकडेच केली आहे ना! पैसे आल्यावर बँक ३९,२०० आणि थकीत कॉल ८०० नावे, कॉल खातं ४०,००० जमा. ताळेबंदात हे ८०० भांडवलातून वजा होतात, प्रीमियमला हात लागत नाही.

पडताळा: बँकेत १,१९,२०० उरायला हवेत. जप्तीच्या नोंदी सध्या राहू द्या.