थोडक्यात लिहा, पण काम काय आहे ते पूर्ण सांगा

प्रश्न: टीमच्या चॅटवर थोडक्यात लिहिलं की लोकांना मी तुसडा वाटतो, सविस्तर लिहिलं की कोणी वाचत नाही, आणि मोकळेपणानं लिहिलं तर वरिष्ठ म्हणतात, "जरा नीट लिहीत जा." नेमकं लिहायचं तरी कसं?

उत्तर:

तुसडेपणाचा लांबीशी फारसा संबंध नसतो. "हो, पाठवते" हा दोन शब्दांचा मेसेज कुणालाच टोचत नाही. टोचतो तो "तिसरं पान बदला" असा, कारण न देता सोडलेला हुकूम. पानात काही चुकलंय, की लिहिणारा चिडलाय, हे वाचणाऱ्याला कळत नाही. मग तो आपल्या मनानं अर्थ लावतो, आणि तो बहुधा वाईटच असतो.

आपला सूर समोरच्याला कळेल असं आपण फार गृहीत धरतो. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांच्या गटानं २००५ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधानं लिहून ईमेलनं पाठवायला सांगितली होती. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की ७८ टक्के वेळा सूर ओळखला जाईल. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळा ओळखला गेला, म्हणजे छापा-काट्यापेक्षा थोडा बरा. म्हणून मेसेजमध्ये सूर ओतण्याची धडपड मी करत नाही. त्या जागी माहिती घालते.

रोजचंच एक काम घेऊन बघू. महिन्याचा रिपोर्ट पाच वाजता क्लायंटला जायचाय. तिसऱ्या पानावर एकूण ऑर्डर ४१२ आहेत, हिशेब बघणाऱ्या सहकाऱ्याच्या शीटमध्ये ४२१. बरोबर आकडा कुठला, हे त्यांच्याकडून हवंय.

एक तऱ्हा अशी: "हाय." मग "आहात का?" मग "एक काम होतं." समोरच्याचा फोन तीनदा वाजला आणि कळलं काहीच नाही. दुसरी तऱ्हा: "रिपोर्टमधले आकडे चुकलेत. लवकर बघा." कुठले आकडे, लवकर म्हणजे कधी, आणि चुकलेत तर कोणाचे? इथे आरोप आधी पोचतो आणि काम मागं राहतं. तिसरी: "अरे ते आकडे बघ ना यार, काहीतरी गडबड वाटतेय." तुमच्या वरिष्ठांना बहुधा हेच खटकत असणार. माझी हरकत त्या "यार"वर तेवढी नाही. काम इतकं हलक्या हातानं टाकलंय, की उद्या केलं तरी चालेल असं वाटतं.

मी असं लिहीन (सुरुवातीला त्यांचं नाव टॅग केलंय असं धरा):

"ऑगस्टच्या रिपोर्टमधली एकूण ऑर्डरसंख्या आज ४ पर्यंत तपासून द्याल का? रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर ४१२ आहे, तुमच्या शीटमध्ये ४२१. यातला बरोबर कुठला, एवढंच हवंय. ५ वाजता रिपोर्ट क्लायंटला जायचाय." आणि खाली दोन्ही फायलींच्या लिंक.

मागणी आणि वेळ पहिल्याच वाक्यात आहे, कारण फोनच्या नोटिफिकेशनमध्ये मेसेजची सुरुवातच दिसते. तेवढ्यावरून माणूस ठरवतो की आत्ता उघडायचं की नंतर. पुढच्या वाक्यात दोन आकडे नुसते शेजारी ठेवलेत. कोण चुकलं हे मी ठरवलेलं नाही, कारण ते मलाही माहीत नाही. "एवढंच हवंय" हे दोन शब्द मला सगळ्यात मोलाचे वाटतात. "तपासा" म्हटलं की अख्खा रिपोर्ट चाळायचाय असं वाटून माणूस काम पुढं ढकलतो. काम केवढं आहे हे कळलं की लगेच हातावेगळं करतो. आणि शेवटी वेळेचं कारण. नुसतं "४ पर्यंत" हा हुकूम वाटतो, "५ वाजता क्लायंटला जायचाय" म्हटल्यावर ती घाई माझ्या लहरीची राहत नाही.

(४१२ आणि ४२१ मधला फरक ९ आहे. फरक ९ ने भागला जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली असावी, ही हिशेबाच्या लोकांची जुनी खूण. पण हा तर्क मी मेसेजमध्ये घालणार नाही. मेसेज लांबतो, आणि हिशेबातल्या माणसाला हिशेब शिकवल्यासारखं होतं.)

नम्रतेचं सगळं काम इथे "द्याल का" या क्रियापदानं केलंय. मराठीत ही मोठी सोय आहे. त्यावर आणखी "प्लीज", "सॉरी हं", "जमलं तर", "वेळ मिळाला तर" असे थर चढवले की मेसेज अजीजीचा होतो. त्यातही "वेळ मिळाला तर" ही न करण्याची परवानगीच असते. ती खरंच द्यायची असेल तरच लिहा. ज्यांच्याशी अरे-तुरे आहे त्यांना अर्थातच "देशील का". तिथे उगाच "द्याल का" लिहिलं तर ते रागावल्यासारखं वाटेल. ग्रुपमध्ये लहानमोठे सगळे असतील तर "तपासून हवंय" अशी रचना बरी पडते, त्यात अहो-अरेचा प्रश्नच येत नाही. मात्र ग्रुपवर लिहितानाही नाव एकाचंच घ्या. "कोणीतरी बघा" म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल.

आता उत्तराची बाजू. "ओके" किंवा नुसता अंगठा याचा अर्थ वाचलं, मान्य आहे, की झालं? "बघतो, साडेतीनपर्यंत सांगतो" एवढं लिहिलं तर विचारणारा निश्चिंत होतो. टीममध्ये एकदा ठरवून घेतलं तर इमोजीही पुरतात: डोळे म्हणजे काम हातात घेतलं, बरोबरची खूण म्हणजे झालं. न ठरवता वापरले तर मात्र ते "ओके"इतकेच मोघम.

खरी कसोटी आठवण करून देताना लागते. साडेतीन वाजले, उत्तर नाही. "झालं का?" यात तगादा आहे, आणि नुसतं प्रश्नचिन्ह पाठवणं तर मला सरळ उर्मट वाटतं. त्याच थ्रेडमध्ये मी लिहीन: "४१२ की ४२१, हे अजून हवंय. ४ पर्यंत जमणार नसेल तर त्या ओळीत 'तपासणी सुरू आहे' असं लिहून रिपोर्ट पाठवते. चालेल का?" आता त्यांना एका शब्दात उत्तर देता येतं, आणि ते मीटिंगमध्ये अडकले असतील तरी काय होणार आहे हे त्यांना माहीत असतं. मागच्या विलंबाबद्दल एक अक्षरही नाही, हे मुद्दाम.

दर महिन्याला हाच घोळ होत असेल, तर ती तक्रार चॅटवर मांडू नका, छोट्या मेसेजमध्ये तर नाहीच. "हे दर वेळी का होतं?" हे वाक्य कितीही सौम्यपणे लिहिलं तरी ग्रुपसमोर कान धरल्यासारखं वाचलं जातं. रिपोर्ट गेल्यावर त्यांना वेगळं लिहा: "आकडे दोन ठिकाणी भरावे लागतात त्याबद्दल बोलायचं होतं. उद्या ११ ला दहा मिनिटं फोन करू का?" विषय आधी कळला की "जरा बोलायचंय" वाचून रात्रभर धास्तावायची वेळ त्यांच्यावर येत नाही.