शेजाऱ्यांकडे इफ्तारला जायचंय? आधी घड्याळ बघा

प्रश्न: आमच्या बिल्डिंगमधल्या मुस्लिम शेजाऱ्यांनी इफ्तारला बोलावलंय. आम्ही शाकाहारी आहोत. किती वाजता जावं, काय न्यावं आणि काय म्हणावं? (सोलापूर)

मी सोलापूरचीच, आणि आमच्या घरी दरवर्षी हिंदू शेजारी इफ्तारला येतात. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. रात्रीच्या जेवणाला जातो तसं आठ वाजता गेलात तर इफ्तार होऊन तास-दीड तास झालेला असेल. रोजा सूर्य मावळला की सुटतो, आणि वेळ झाल्यावर उगाच उशीर करू नये अशी शिकवण आहे. म्हणून पाहुणा जिन्यात असला तरी घरचे थांबू शकत नाहीत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तेव्हा सोलापुरात ही वेळ साडेसहाच्या आसपास असते. नेमकी वेळ शेजाऱ्यांनाच विचारा, कारण त्यांच्याकडे मशिदीचं वेळापत्रक असतं. मोबाइलवर मुंबईची वेळ बघून निघू नका. तिथे सूर्य आपल्यापेक्षा साधारण बारा मिनिटं उशिरा मावळतो, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा खजूर खाऊनही झालेले असतील.

पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा. दस्तरखान अंथरलेलं असेल, त्यावर खजूर, कापलेलं कलिंगड, पपई, चण्याची उसळ, भजी, समोसे, सरबत. सगळं समोर असूनही कुणी हात लावणार नाही. शेवटच्या काही मिनिटांत घर शांत होतं, कारण रोजा सोडतानाची दुआ कबूल होते अशी श्रद्धा आहे. त्या वेळी तुम्ही नुसतं शांत बसलात तरी पुरे. डोकं झाकायची किंवा दुआ म्हणायची तुमच्याकडून कुणाचीच अपेक्षा नसते. कुणी तुमच्या हातावर खजूर ठेवला तर तो हातातच धरा आणि अजान झाली की सगळ्यांबरोबर खा. पहाटेपासून पाण्याचा घोटही घेतलेला नसतो, त्यामुळे पहिला ग्लास भरून पुढे सरकवणं ही मदत फार गोड वाटते.

आता एक गोष्ट, जी नवीन पाहुण्यांना खटकते. पाच-दहा मिनिटं खाणं होतं आणि घरातले पुरुष उठून मशिदीत जातात, बायका आतल्या खोलीत नमाज पढतात. तुम्हाला सोडून गेले असं वाटून घेऊ नका. सूर्य मावळल्यावरच्या मगरिबच्या नमाजची मुदत थोडी असते. ते पंधरा-वीस मिनिटांत परत येतात आणि खरं जेवण त्यानंतर वाढलं जातं. पुढे इशाची, म्हणजे रात्रीची नमाज आणि तरावीह ही रमजानमधली जास्तीची नमाज असते. आपल्याकडच्या बहुतेक मशिदींत तरावीहच्या वीस रकात, म्हणजे नमाजची वीस आवर्तनं होतात, तासाभराहून जास्त वेळ लागतो. तेव्हा आठच्या सुमारास निघालात तर यजमानांची धावपळ होत नाही.

शाकाहारी आहात हे आमंत्रण स्वीकारतानाच सांगा. फळं, उसळ, भजी यांत तसा प्रश्न नसतो, पण समोशात खिमा असू शकतो, आणि भजी त्याच कढईत तळलेली असू शकतात. ते चालत नसेल तर आधी स्पष्ट बोला. त्यात कुणाला राग येत नाही. ऐन वेळी ताट बाजूला सारलं तर मात्र घरच्या बाईला लागतं, कारण तिने रोज्यातच, मिठाची चवसुद्धा न बघता, ते सगळं केलेलं असतं.

नेताना फळं न्या. या दिवसांत आपल्या जिल्ह्याची द्राक्षं असतात, सांगोल्याची डाळिंबं मिळाली तर उत्तमच. विजापूर वेशीच्या रमजान बाजारातून खजूर घेतलेत तरी छान. जिलेटिन घातलेली जेली किंवा दारू घातलेला केक टाळा. देवळाचा प्रसाद बरेच जण खात नाहीत, तो विचारल्याशिवाय नेऊ नका. पेढे-बर्फी चालते.

भेटल्यावर "रमजान मुबारक" म्हणा, महिन्यातल्या कुठल्याही दिवशी चालतं. "अस्सलाम अलैकुम" म्हणालात तर आनंदच होईल, पण नुसता नमस्कारही तितकाच आदराचा. बाई-पुरुष हस्तांदोलन बऱ्याच घरांत करत नाहीत, समोरून हात पुढे आला तरच द्या. "आजचा रोजा कसा गेला?" हे सहज विचारा. एखाद्या बाईला मात्र "तुमचा रोजा नाही का?" असं चारचौघांत विचारू नका. पाळीत रोजा धरत नाहीत, आजारपण किंवा गरोदरपण असेल तर सूट असते, आणि ते सगळ्यांसमोर सांगायला अवघड जातं.

"ईद मुबारक" मात्र चंद्र दिसल्यावरच. रोजे 29 होतील की 30 हे त्या संध्याकाळीच कळतं, कॅलेंडरवर सुट्टी छापलेली असली तरी.