गोठवलेले भ्रूण आणि अडलेली सही

प्रश्न : माझे वय 38 आहे. ऑगस्ट 2022 मध्ये आयव्हीएफ करून आमचे तीन भ्रूण पुण्यातील एका केंद्रात गोठवून ठेवले. तेव्हापासून नवरा म्हणतो, "मूल हवं की नको, मला ठरवता येत नाही, थांबूया." तो भांडत नाही, पण सहीही करत नाही. शेजारच्या बाळाचे रडणे ऐकले की माझ्या पोटात कालवते. त्याच्या सहीशिवाय ट्रान्सफर होईल का? तो भ्रूण नष्ट करवू शकतो का? ही क्रूरता ठरते का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला दुखावणारे असले, तरी ते स्पष्टच दिले पाहिजे. सही नसेल, तर ट्रान्सफर होणार नाही. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा, 2021 हा 25 जानेवारी 2022 पासून लागू आहे आणि तुमचे भ्रूण त्यानंतरचे आहेत. या कायद्याच्या कलम 22 नुसार उपचार घेणाऱ्या सर्वांची लेखी संमती लागते आणि भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत ती कोणालाही मागे घेता येते. म्हणजे 2022 मध्ये भ्रूण गोठवताना पतींनी सही केली होती, हा मुद्दा आज तुमच्या उपयोगाचा नाही. कोणी "सही तुम्हीच करून टाका" असे सुचवले, तर ते मुळीच ऐकू नका. तो बनावट दस्तऐवजाचा गुन्हा होईल आणि पुढे कोणत्याही न्यायालयात तुमची बाजू त्यानेच दुबळी होईल.

मात्र वापराला नकार देणे आणि भ्रूण नष्ट करायला सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याप्रमाणे भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतात, म्हणजे तुमच्यासाठी ऑगस्ट 2032 पर्यंत, आणि तेव्हा तुम्ही 45 वर्षांच्या असाल. उपचारासाठी स्त्रीची वयोमर्यादा 50 असल्याने कायद्याच्या हिशेबाने अजून अवधी आहे. घाई आहे ती शरीराची, आणि तिच्याबद्दल डॉक्टरांशीच बोलावे लागेल. या आठवड्यात केंद्राकडून तुमच्या संमतिपत्राची प्रत मागून घ्या. दोघांपैकी एकाचा मृत्यू झाल्यास किंवा कोणी अक्षम झाल्यास भ्रूणांचे काय करायचे, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. मतभेद झाल्यास काय, हे बहुधा लिहिलेले नसते. तसे असेल, तर वकिलामार्फत केंद्राला कळवा की दोघांच्या लेखी संमतीशिवाय भ्रूणांची विल्हेवाट लावू नये. साठवणुकीचे वार्षिक शुल्क तुम्ही स्वतः वेळेवर भरा आणि पावत्या जपून ठेवा, कारण शुल्क थकले की वाद पतीशी न राहता केंद्राशी सुरू होतो.

आता क्रूरतेचा प्रश्न. तुमचा विवाह हिंदू विवाह कायद्याखाली झाला आहे, असे मी धरतो. समर घोष विरुद्ध जया घोष या 2007 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की विवाहानंतर पती किंवा पत्नीने मूल न होऊ देण्याचा एकतर्फी निर्णय घेतला, तर ती क्रूरता ठरू शकते. यातील "निर्णय" आणि "ठरू शकते" हे शब्द मी मुद्दाम पुढे ठेवतो. तुमचे पती निर्णय घेत नाहीत, ते अनिश्चित आहेत, आणि एवढ्यावर घटस्फोट मिळेल असे मला वाटत नाही. उलट, त्यांनी उद्या ठाम नकार दिला किंवा वर्षानुवर्षे कारण न सांगता विषयच टाळला, तर चित्र बदलते. तरीही कोणतेही न्यायालय त्यांना बाप होण्याचा आदेश देऊ शकत नाही. प्रजननाविषयीची निवड व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे 2009 मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीच्या संदर्भात मान्य केले. पतीवर सक्ती करायला निघालो, तर उद्या तोच न्याय तुमच्यावरही उलटेल.

दत्तकाचा विचार मनात असेल, तर तिथेही पतीची संमती लागते. तुमच्या एकटीच्या हातात उरतो एकच मार्ग : स्वतःची बीजांडे, फलित न करता, गोठवून ठेवणे. भ्रूणात दोघांचा वाटा असतो, बीजांड फक्त तुमचे असते. पुढे विवाह टिकला नाही, तर एकट्या स्त्रीला दात्याच्या शुक्राणूंनी उपचार घेण्याची मुभा याच कायद्यात आहे. 38 व्या वर्षी किती बीजांडे मिळतील, हे तपासणीनंतरच कळेल, म्हणून ही तपासणी पतीच्या उत्तराची वाट न पाहता करून घ्या.

आणि पतीशी बोलताना "हो की नाही" असे विचारू नका. तज्ज्ञ समुपदेशकासमोर बसून त्यांची भीती नेमकी कशाची आहे, पैशाची, वयाची की नात्याची, हे विचारा आणि उत्तरासाठी सहा महिन्यांची तारीख दोघांनी मिळून ठरवा. ती लिहून ठेवा. त्या दिवशीही उत्तर आले नाही, तर संमतिपत्राची प्रत, पावत्या आणि तो कागद घेऊन कौटुंबिक कायद्याच्या वकिलाकडे जा.