रस 1.070, मध्येच घातलेली साखर आणि शेवटी 0.996: वाइनमध्ये अल्कोहोल किती?

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये राहतो. साडेचार लिटरच्या डेमिजॉनमध्ये दुकानातल्या लाल द्राक्षरसाची वाइन लावली आहे. यीस्ट घालण्याआधी हायड्रोमीटर 1.070 दाखवत होता. पाचव्या दिवशी 250 ग्रॅम साखर घातली, पण तेव्हा मोजलं नाही. आता तो 0.996 दाखवतो, आणि त्याच्यावरच्या अल्कोहोलच्या पट्टीवर तर शून्याच्याही खाली आहे. हायड्रोमीटर बिघडलाय का? आणि अल्कोहोल नेमकं किती आहे?

उत्तर:

हायड्रोमीटर बिघडलेला नाही. तुमच्या वाइनमध्ये 12 ते 13 टक्के अल्कोहोल आहे. हे कसं काढलं ते सांगतो, म्हणजे पुढच्या खेपेला तुमचं तुम्हाला काढता येईल.

हायड्रोमीटरला अल्कोहोल मोजताच येत नाही. द्रव पाण्याच्या किती पट जड आहे, एवढंच तो सांगतो. शुद्ध पाणी 1.000. साखर विरघळली की द्रव जड होतो, नळी वर तरंगते आणि आकडा वाढतो. यीस्टनं साखर खाल्ली की तो जडपणा जातो. शिवाय साखरेच्या जागी जे अल्कोहोल येतं ते पाण्यापेक्षा हलकं असतं, त्याची घनता 0.789 आहे. म्हणून पूर्ण आंबलेली वाइन पाण्यापेक्षाही हलकी होते. कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली वाइन साधारण 0.990 ते 0.996 च्या आसपास थांबते. तुमचा आकडा त्यातच बसतो.

अल्कोहोलच्या पट्टीनं बरेच जण फसतात. त्या पट्टीचा अर्थ एवढाच, की आत्ता जितकी साखर दिसते आहे ती सगळी आंबली तर *पुढे* किती अल्कोहोल होईल. रसात ती साधारण 9 दाखवेल आणि तयार वाइनमध्ये शून्य किंवा उणे. तयार वाइनमध्ये बुडवून त्या पट्टीवर अल्कोहोल वाचायला गेलात तर उत्तर कायम शून्याजवळच येणार. ब्रँडी-व्हिस्कीसाठी वेगळा अल्कोहोलमीटर मिळतो, तोही इथे कामाचा नाही, कारण वाइनमधली आम्लं, रंगद्रव्यं आणि उरलेली साखर त्याचा आकडा बिघडवतात. आपल्याला हवे दोन आकडे, आंबण्याआधीचा आणि आंबून झाल्यानंतरचा, आणि त्यांतला फरक:

```
अल्कोहोल (टक्के) = (सुरुवातीचा आकडा − शेवटचा आकडा) × 131.25
```

तुम्ही 1.070 मधून 0.996 वजा केलं असेल तर फरक 0.074 आणि उत्तर 9.7 टक्के. हे उत्तर चुकीचं आहे, कारण पाचव्या दिवशीची साखर त्यात धरलेलीच नाही. त्या दिवशी मोजलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आंबणं सुरू झाल्यावरचा आकडा या हिशेबाला तसाही उपयोगी नसतो, कारण त्यात साखर आणि अल्कोहोल दोन्हींची सरमिसळ झालेली असते. ती साखर पहिल्याच दिवशी घातली असती तर आकडा किती आला असता, ते कागदावर काढायचं.

त्यासाठी 1.070 मधले शेवटचे तीन अंक घ्या आणि त्यांना 70 अंश म्हणा. साडेचार लिटर गुणिले 70, म्हणजे रसाचे एकूण 315. एक किलो साखर एका लिटरच्या हिशेबात साधारण 384 अंश देते, तेव्हा 250 ग्रॅमचे झाले 96. बेरीज 411. साखर विरघळल्यावर जागाही घेते, ग्रॅममागे जेमतेम 0.62 मिलिलिटर. म्हणजे साडेचार लिटरचे साधारण 4.65 लिटर झाले. 411 भागिले 4.65, उत्तर 88. तुमचा खरा सुरुवातीचा आकडा 1.088.

आता 1.088 वजा 0.996 म्हणजे 0.092, गुणिले 131.25, उत्तर 12.1 टक्के. हे सोपं सूत्र चार-पाच टक्क्यांच्या बिअरला छान बसतं, पण वाइनइतक्या कडक पेयात थोडं कमी दाखवतं. स्प्रेडशीटमध्ये A1 ला सुरुवातीचा आणि B1 ला शेवटचा आकडा टाकून हे दुसरं सूत्र लावून बघा:

```
=76.08*(A1-B1)/(1.775-A1)*(B1/0.794)
```

यातून 12.8 येतं. दोन्ही सूत्रं अंदाजाचीच आहेत, म्हणून बाटलीवर मी "सुमारे साडेबारा" असं लिहीन. घरच्या मोजणीत दशांशावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पडताळणीला रसाच्या डब्यावरचं लेबल कामी येतं. 100 मिलिलिटरमागे 16 ग्रॅम साखर लिहिली असेल तर साडेचार लिटरमध्ये 720 ग्रॅम झाली, तुमची 250 धरून 970. भागिले 4.65, म्हणजे लिटरला 208 ग्रॅम. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल होतं, त्या हिशेबानं 12.2 टक्के. वेगळ्या वाटेनं गेलो तरी तिथेच पोहोचलो, म्हणजे तुमचे आकडे भरवशाचे आहेत. सुरुवातीचं मोजायचं राहूनच गेलं असेल तेव्हाही लेबलवरून असा अंदाज काढता येतो. नुसत्या शेवटच्या आकड्यावरून मात्र काहीच काढता येत नाही.

आता मोजण्याच्या पद्धतीबद्दल, कारण आकडे चुकतात ते बहुतेक वेळा तिथेच. डेमिजॉनच्या तोंडातून हायड्रोमीटर आत सोडू नका. निर्जंतुक केलेल्या पिपेटनं किंवा नळीनं थोडी वाइन उंच, अरुंद टेस्ट जारमध्ये काढा. हायड्रोमीटर तळाला टेकायला नको आणि भिंतीलाही चिकटायला नको, मोकळा तरंगला पाहिजे. दांडी दोन बोटांत धरून हलकेच फिरवून सोडा. आंबत्या वाइनमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्याचे बारीक बुडबुडे काचेला चिकटून नळीला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. फिरवल्यावर ते सुटतात. तरीही दोन मिनिटांत नळी हळूहळू वर सरकताना दिसली तर बुडबुडे पुन्हा धरलेत असं समजा. अशा वेळी नमुना दोन पेल्यांत चार-सहा वेळा ओतून गॅस घालवा आणि मग मोजा. वाचताना डोळा द्रवाच्या पातळीला आणा. काचेला चिकटून वर चढलेली कड सोडून सपाट पातळीशी जुळणारी रेघ वाचा. काही हायड्रोमीटर वरची कड धरून आखलेले असतात, तसं असेल तर सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. मोजून झालेला नमुना चाखा, पण परत डेमिजॉनमध्ये ओतू नका.

हायड्रोमीटर कोणत्या तापमानाला आखलाय ते आतल्या कागदावर छापलेलं असतं, बहुधा 20 अंश सेल्सिअस, काहींवर 60 अंश फॅरनहाइट. 20 चा हायड्रोमीटर 30 अंशांच्या रसात बुडवला तर आकडा साधारण 0.003 नं कमी दिसतो, तेवढा मिळवायचा. 40 ला 0.006. बिअरसाठी उकळलेलं वॉर्ट गरम असतानाच मोजण्याचा मोह टाळा. 60 अंशांना चूक 0.015 च्या आसपास जाते, शिवाय काच तडकण्याची भीती. नमुना गार होऊ द्या.

सुरुवातीच्या आकड्यातली सगळ्यात मोठी चूक मात्र न विरघळलेल्या साखरेची असते. साखर तळाला बसते, नमुना वरून घेतला जातो, आकडा कमी येतो आणि अल्कोहोलही कमी निघतं. म्हणून साखर आधी थोड्या गरम रसात पूर्ण विरघळवून, गार करून, सगळं नीट ढवळून मगच मोजायचं. अख्खी फळं किंवा बेदाणे घातले असतील तर त्यांच्यातली साखर पुढचे काही दिवस झिरपत राहते, आणि पहिल्या आकड्यात ती पूर्ण येतच नाही.

हायड्रोमीटरवरच शंका असेल तर 20 अंशांच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा, 1.000 यायला हवं. मग 450 ग्रॅम पाण्यात 50 ग्रॅम साखर वजन करून विरघळवा, 1.040 यायला हवं. दोन्हीकडे सारखाच फरक दिसला तर आतला कागद सरकलेला आहे. तेवढा फरक दर वेळी धरायचा, फेकून द्यायची गरज नाही. अल्कोहोलचा हिशेब तर दोन आकड्यांच्या वजाबाकीचा आहे, त्यात ही चूक जवळजवळ नाहीशी होते.

तुमची वाइन थांबली आहे की नाही हे एअरलॉकच्या बुडबुड्यांवरून ठरवू नका. खोली तापली की विरघळलेला गॅस बाहेर येतो आणि थांबलेली वाइनही बुडबुडते. उलट झाकण सैल असेल तर चालू असलेलीही गप्प दिसते. आजचा 0.996 लिहून ठेवा आणि चार दिवसांनी पुन्हा मोजा. तोच आला तर झालं. 0.993 आला तर अजून साखर खाल्ली जाते आहे, आणि अशी वाइन घट्ट बुचाच्या बाटलीत भरली तर बाटली फुटू शकते.

कायद्याचंही सांगतो, कारण हे वाचणारे सगळेच तुमच्यासारखे इंग्लंडात नसतील. तिथे घरच्यासाठी वाइन-बिअर करायला परवाना लागत नाही, विकायला लागतो. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी करणंही गुन्हा आहे.

शेवटी वाइन गोड करायची असेल तर आधी आकडा स्थिर झाल्याची खात्री करा, गाळावरून काढून घ्या आणि पोटॅशियम सॉर्बेट व मेटाबायसल्फाइट दोन्ही पाकिटावरच्या प्रमाणात घाला, नाहीतर उरलेलं यीस्ट नवी साखर खायला लागेल. गोड केल्यावर हायड्रोमीटर 1.005 किंवा 1.010 दाखवेल. तो आकडा सूत्रात घालायचा नाही. अल्कोहोलचा हिशेब 0.996 वरच राहतो.