“मी फोटो पाठवले”, पण पाकिटात फोटो एकच

प्रश्न: माझी भाची जन्मापासून न्यू जर्सीत, आता कॉलेजसाठी जर्सी सिटीत एकटी राहते. तिनं माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या आजोबांना, पहिल्यांदाच मराठीत पत्र लिहिलंय. त्यातला तुकडा: “आजोबा, मी सकाळी पाथ ट्रेन पकडले. वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरले आणि रस्ता चुकले. इथे खूप आवाज आहे, रात्री पण झोप येत नाही. काल मी भात शिजवले आणि पोळी खाल्ले, पोळी दुकानची. दादा आला, तो भांडी घासला. मी मैत्रिणीला पण बोलावले. मी तुम्हाला फोटो पाठवले.” बाबा पाकीट उलटंसुलटं करून बाकीचे फोटो शोधत बसले, निघाला एकच. ताई म्हणते ती मुलगी आहे म्हणून सगळीकडे ‘ले’ लावते. मग ‘रस्ता चुकले’ बरोबर कसं? तिला नियम काय सांगू? आणि पत्र दुरुस्त करून परत पाठवायचं का?

उत्तर: ताईंचं निदान बरोबर आहे. पोरगी अंदाजपंचे लिहीत नाहीये, तिच्या डोक्यात एक पक्का नियम आहे: जो करतो त्याच्याप्रमाणे क्रियापद. म्हणून स्वतःला ‘ले’ आणि दादाला ‘ला’, ‘तो भांडी घासला’. ‘मी उतरले’, ‘दादा आला’ इथे हा नियम चालतो, कारण तिथे दुसरी कुठली वस्तूच नाही. पण ‘खाणे’, ‘पकडणे’, ‘शिजवणे’ अशा बहुतेक सकर्मक क्रियापदांना भूतकाळात करणाऱ्याचं काही देणंघेणं नसतं, ती वस्तूकडे बघतात. पोळी खाल्ली, भात शिजवला, ट्रेन पकडली. आणि दादाला ‘ने’ लागतो, ‘त्याने भांडी घासली’. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणून पाठ केलं आणि विसरलो, बोलताना मात्र कधी चुकत नाही.

मग तिला हे ऐकून ऐकून का कळलं नाही? दादाच्या पुढचा ‘ने’ निदान इशारा तरी देतो, ‘मी’ला तोही नाही. ‘मी आले’मधला ‘मी’ आणि ‘मी पोळी खाल्ली’मधला ‘मी’, दोन्ही दिसायला सारखेच. जुन्या मराठीत असं नव्हतं, तिथे करणाऱ्यासाठी ‘म्यां’ आणि ‘त्वां’ अशी वेगळी रूपं होती. ‘म्यां’ गेला आणि ती खूण पण गेली.

आणि दुसरी गोष्ट, मला वाटतं खरा घोळ इथेच आहे. ‘ले’ हे एकच अक्षर तीन वेगळी कामं करतं. ‘मी आले’ मधला ‘ले’ बोलणाऱ्या बाईचा. ‘फोटो पाठवले’ मधला अनेक फोटोंचा, कारण फोटो पुल्लिंगी, एक असेल तर ‘पाठवला’. आणि ‘पत्र लिहिले’ मधला नपुंसकलिंगी पत्राचा, जो आपण बोलताना ‘लिहिलं’ म्हणतो पण पुस्तकात ‘लिहिले’ छापतात. आता ती बिचारी पुस्तकात ‘मी पत्र लिहिले’ वाचणार, आणि तिला वाटणार बघा, माझाच ‘ले’! तुमच्या बाबांनी पाकीट झटकलं ते यामुळेच, तिनं स्वतःचा ‘ले’ लावला आणि त्यांनी फोटोंचा वाचला. चूक वाटावी असं ते वाक्यच नाहीये, व्याकरण एकदम चोख, फक्त अर्थ भलताच. ‘मैत्रिणीला बोलावले’ हे तर चुकून बरोबर आलंय: कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद नपुंसक एकवचनीच राहतं, मैत्रीण असो की मित्र, आणि लिहिताना त्याचं ‘बोलावले’ होतं. म्हणजे नुसता ‘ले’ बघून तिला समजलंय की नाही हे कळणार नाही. ते तपासायचं तर पोळी, भाजी, चहा, भात अशा एकवचनी पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी वस्तूंची वाक्यं बघा.

आता ‘रस्ता चुकले’. काही क्रियापदांना वस्तू असली तरी ती करणाऱ्याचंच ऐकतात. विसरणे, शिकणे, पिणे, बोलणे, चुकणे, जिंकणे, हरणे, नेसणे. मी चहा प्यायले, मी मराठी शिकले, आई नऊवारी नेसली. हे थोडेच आहेत, पण रोजचे आहेत, आणि यांच्यामुळेच तिचा नियम खरा ठरत राहतो. ‘म्हणणे’ तर दोन्हीकडे, ‘ती म्हणाली’ पण ‘तिने गाणं म्हटलं’. (नागपूरकडच्या किंवा मुंबईतल्या कित्येक जणी स्वतःबद्दल ‘मी गेली’ म्हणतात, ते वेगळं प्रकरण, तिच्या कानावर ते आलं तर घाबरू नका.)

तिला नियम सांगायचा तर ‘ने लावून बघ’ सांगू नका. आपल्याला ते सोपं वाटतं, पण तिच्या कानात ‘ने’च बसलेला नाही, म्हणून तर ‘तो भांडी घासला’. त्याऐवजी दादाला कामाला लावा. तेच वाक्य दादानं स्वतःबद्दल म्हटलं तर काय होईल? ‘मी उतरले’चं ‘मी उतरलो’ होतं, ‘मी रस्ता चुकले’चं ‘चुकलो’ होतं, म्हणजे तिथे शेवट माणसाचा. पण ‘मी पोळी खाल्ली’ दादाच्या तोंडी पण ‘खाल्ली’च, तिथे शेवट पोळीचा. घरात आई आणि दादा दोघांची मराठी तिनं ऐकलेली असेल तर हा फरक तिच्या कानाला आधीच माहीत असतो, फक्त बोट दाखवायचं. पण दादाची पण मराठी तिच्यासारखीच असेल, तर तिच्या बाबांचा आवाज आठवायला सांगा.

लिंगाचा प्रश्न उरतोच. पोळी स्त्रीलिंगी हे तिला येत असेल, पण लॅपटॉप, लिफ्ट, लाँड्री? घरात जसं ऐकलं तसं, दुसरा उपाय नाही. ट्रेन ‘पकडली’ कारण आपण गाडी मनात धरून बोलतो, पिझ्झा आकारान्त म्हणून ‘खाल्ला’.

आणि पत्र परत पाठवू नका हो. बाबांना उत्तर लिहायला सांगा, आणि त्यात तिचीच वाक्यं तिला परत द्यायला सांगा. “तू ट्रेन पकडलीस, रस्ता चुकलीस, भात शिजवलास, पोळी खाल्लीस, फोटो पाठवलास, मिळाला.” ‘तू’चं रूप इथे फार कामाचं आहे, कारण ‘शिजवलास’ मध्ये ‘ला’ भाताचा आणि ‘स’ तिचा, दोघं एकाच शब्दात बसलेत. ‘चुकलीस’ मध्ये मात्र ‘ली’ तिचीच, रस्ता पुल्लिंगी असून त्याला कोणी विचारत नाही. ही दोन रूपं शेजारी शेजारी आली की फरक आपोआप दिसतो. आणि ‘पाठवलास, मिळाला’ वाचून तिला कळेल की आजोबांनी एकच फोटो मोजला. बाबांना एवढंच सांगा की ‘लिहिले’ असं छापील न लिहिता ‘लिहिलं’ लिहा, म्हणजे निदान एक ‘ले’ तरी कमी होईल.